थिॲनिन आणि कॅफीन : एकाग्रतेला हातभार, चिंतेवर उपाय नव्हे

कॉफी घेतली की कामाला वेग येतो, पण थोड्याच वेळात हात थरथरू लागतात आणि छातीत धडधड होते, अशी अनेकांची तक्रार असते. चहाने मात्र तरतरी येऊनही मन शांत राहते, असा अनुभव तितक्याच लोकांचा असतो. या फरकाचे श्रेय चहाच्या पानातील एल-थिॲनिन या अमिनो आम्लाला दिले जाते. हेच द्रव्य कॅफीनसोबत कॅप्सूलच्या रूपात 'शांत एकाग्रते'साठी विकले जाते आणि त्याने चिंताही दूर होते, असे सांगितले जाते. या दोन दाव्यांपैकी पहिल्याला काही आधार आहे. दुसऱ्याचा आधार मात्र फारच कच्चा आहे.

पानातील द्रव्य

जपानमधील संशोधकांनी १९४९ मध्ये ग्योकुरो या उंची हिरव्या चहाच्या पानांतून थिॲनिन वेगळे केले. चहाचे झुडूप ते प्रामुख्याने मुळांत तयार करते. तेथून ते कोवळ्या पानांत पोहोचते आणि उन्हात त्याचे रूपांतर तुरट चवीच्या द्रव्यांत होऊ लागते. म्हणूनच ग्योकुरोची झुडपे तोडणीपूर्वी काही आठवडे सावलीत झाकून ठेवतात. त्यामुळे थिॲनिन टिकते आणि चहाला गोडसर, भरीव चव येते.

कॅफीन वेगळ्या प्रकारे काम करते. दिवसभराच्या श्रमाने मेंदूत ॲडिनोसिन साचत जाते आणि त्यातून थकव्याची जाणीव होते. ॲडिनोसिन जेथे जाऊन चिकटते, त्या जागा कॅफीन अडवून ठेवते. थकवा नाहीसा होत नाही, फक्त त्याचा निरोप मेंदूपर्यंत पोहोचत नाही. थिॲनिन मेंदूत पोहोचल्यावर अल्फा लहरी वाढलेल्या काही प्रयोगांत दिसल्या. जागेपणी मन निवांत असताना या लहरी उमटतात. थिॲनिनने झोप येत नाही, त्यामुळेच ते कॅफीनला पूरक ठरेल ही कल्पना पुढे आली.

कप आणि कॅप्सूल यांतील अंतर

बहुतेक जाहिराती 'चहातील नैसर्गिक जोडी' असे म्हणतात, पण प्रमाणाचा उल्लेख करत नाहीत. साध्या एका कप चहात साधारण ४० ते ५० मिलिग्रॅम कॅफीन असते आणि थिॲनिन पाच ते पंचवीस मिलिग्रॅम. म्हणजे कपात कॅफीन थिॲनिनच्या साधारण दुप्पट किंवा त्याहूनही जास्त असते. ज्या प्रयोगांच्या आधारे ही जोडी गाजली, त्यांत बहुधा नेमके उलट प्रमाण होते. २००८ मधील एका ब्रिटिश अभ्यासात २७ जणांना ५० मिलिग्रॅम कॅफीन आणि १०० मिलिग्रॅम थिॲनिन देण्यात आले. तेवढे थिॲनिन चहातूनच मिळवायचे, तर चार-पाच कप तरी लागतील आणि त्याबरोबर दोनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅफीनही पोटात जाईल. चहाचा शांत अनुभव कॅफीन कमी असल्याने आणि चहा सावकाश प्यायल्यानेही येत असावा. तो थिॲनिनचाच पुरावा मानता येत नाही.

त्या अभ्यासात ही जोडी घेतल्यानंतर तासाभराने एका कामावरून दुसऱ्या कामाकडे लक्ष वळवण्याच्या चाचणीत वेग आणि अचूकता वाढली, तसेच लक्ष विचलित करणाऱ्या माहितीचा त्रास कमी झाला. २०१० मध्ये ४४ तरुणांवर झालेल्या प्रयोगातही अचूकता आणि तरतरी वाढलेली आढळली. हा परिणाम खरा दिसतो, पण तो लहान आहे. तो निरोगी व्यक्तींत आणि एकेका मात्रेनंतर तासा-दोन तासांपुरता मोजलेला आहे. शिवाय या अभ्यासांत त्या वेळी चहा विकणाऱ्या कंपनीचे संशोधकही सहभागी होते, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

चिंतेचे काय?

ब्रिस्टल विद्यापीठातील २००८ चा प्रयोग या संदर्भात महत्त्वाचा आहे. त्यात २५० मिलिग्रॅम कॅफीन, २०० मिलिग्रॅम थिॲनिन, दोन्ही एकत्र आणि प्लासिबो, म्हणजे औषध नसलेली पण तशीच दिसणारी मात्रा, अशी तुलना झाली. कॅफीनने रक्तदाब वाढला आणि थिॲनिनने तो परिणाम कमी केला. कॅफीनमुळे जाणवणारी अस्वस्थता आणि थरथर मात्र थिॲनिनने कमी झाली नाही. नेमक्या ज्या कारणासाठी लोक हे मिश्रण घेतात, तेथेच ते अपुरे पडले.

प्रत्यक्ष रुग्णांवरील पुरावाही उत्साहवर्धक नाही. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातील चाचणीत चिंताविकाराच्या ४६ रुग्णांना त्यांच्या नेहमीच्या औषधांसोबत दररोज ४५० ते ९०० मिलिग्रॅम थिॲनिन आठ आठवडे देण्यात आले. चिंता कमी करण्यात ते प्लासिबोपेक्षा सरस ठरले नाही. झोपेबद्दलचे समाधान मात्र काहीसे वाढले. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणानेही २०११ मध्ये मानसिक ताण कमी होण्याचा दावा सिद्ध झालेला नाही, असा निर्वाळा दिला.

याउलट, कॅफीन चिंता वाढवते याचा पुरावा भक्कम आहे. पॅनिक विकार असलेल्यांना चार-पाच कप कॉफीइतके कॅफीन दिलेल्या प्रयोगांचा २०२२ मध्ये एकत्रित आढावा घेण्यात आला. त्यात सुमारे निम्म्या रुग्णांना पॅनिकचा झटका आला. निरोगी व्यक्तींत हे प्रमाण अत्यल्प होते.

एका दिवसाचा हिशेब

समजा, कार्यालयात काम करणारी एखादी व्यक्ती सकाळी नऊला १०० मिलिग्रॅम कॅफीनची कॉफी आणि २०० मिलिग्रॅम थिॲनिनची कॅप्सूल घेते. रक्तातील थिॲनिन तासाभरात शिखर गाठते आणि पुढे दर तासाला जवळजवळ निम्मे होत जाते. दुपारी दोनपर्यंत ते नगण्य उरते. कॅफीन निम्मे व्हायला मात्र सरासरी पाच तास लागतात. दुपारी दोनला निम्मी कॉफी शरीरात शिल्लक असते. चार वाजता आणखी एक कॉफी झाली, तर रात्री अकराला दोन्ही मिळून पन्नासएक मिलिग्रॅम, म्हणजे एका कप चहाइतके कॅफीन उरते. त्या वेळी त्याला आवर घालायला थिॲनिन नसते. झोप उडते, दुसऱ्या दिवशी थकवा येतो, मग आणखी कॉफी घेतली जाते आणि त्या बेचैनीवर आणखी एक कॅप्सूल.

म्हणून चिंतेची तक्रार असेल, तर आधी काय वाढवावे यापेक्षा काय कमी करावे हे पाहणे शहाणपणाचे. दोन आठवडे चहा-कॉफीच्या वेळा, धडधड आणि झोप यांची नोंद ठेवावी. नंतर दर तीन-चार दिवसांनी एकेक कप कमी करावा आणि दुपारनंतरचा आधी सोडावा. एकदम सोडल्यास बारा ते चोवीस तासांत डोके दुखू लागते आणि हा त्रास आठवडाभरही टिकतो. त्याला चिंतेचा विकार समजू नये. कॅफीन कमी केल्यावर धडधड आणि बेचैनी ओसरली, तर कारण हाती आले. ओसरली नाही आणि बहुतेक दिवस मनात काळजीच घोळत राहिली, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटावे. त्या विकारावर परिणाम सिद्ध झालेले उपचार उपलब्ध आहेत. रक्तदाबाची किंवा मनोविकाराची औषधे चालू असणाऱ्यांनी, तसेच गर्भवतींनी, डॉक्टरांना विचारल्याशिवाय ही कॅप्सूल घेऊ नये.

ज्याला चिंतेचा त्रास नाही, त्याला तासभर मन लावून काम करायचे असेल, तर मर्यादित कॅफीनसोबत थिॲनिनचा थोडा उपयोग होऊ शकेल. मात्र कॉफीने ज्याची छाती धडधडते, त्याने कॅप्सूल शोधण्याआधी कप लहान करावा.