हरवलेले मांजर : पहिले सात दिवस

सोसायटीच्या तिसऱ्या मजल्यावर वाढलेले, कधीही घराबाहेर न पडलेले मांजर रंगकामाच्या गडबडीत उघड्या दारातून निसटते. घरातील मंडळी हाका मारीत चार रस्ते पालथे घालतात. मांजर काही ओ देत नाही. ते दूर निघून गेले असावे, असा निष्कर्ष मग काढला जातो. बहुधा तो चुकीचा असतो.

घाबरलेले मांजर पळत सुटण्यापेक्षा जवळच्या आडोशात दडून बसते. आवाज केल्यास शत्रूला आपला ठाव लागेल, या उपजत भीतीने ते धन्याच्या हाकेलाही उत्तर देत नाही. हरवलेल्या १२१० मांजरांच्या २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, सापडलेल्यांपैकी तीनचतुर्थांश मांजरे निसटल्या जागेपासून ५०० मीटरच्या आतच आढळली. वर्षभरात ६१ टक्के मांजरे जिवंत सापडली. त्यांपैकी निम्म्याहून अधिक पहिल्या सात दिवसांतच.

म्हणून शोध घरापासूनच सुरू करावा. पलंगाखाली व कपाटांत पाहिल्यावर जिना, मीटरची खोली, पंपघर आणि वाहनतळातील गाड्यांच्या खालची जागा तपासावी. शेजाऱ्यांना 'मांजर दिसले का' एवढे विचारून थांबू नये; त्यांची बंद अडगळीची खोली आणि गॅलरी उघडून पाहण्याची विनंती करावी. रात्री वर्दळ थांबल्यावर विजेरी घेऊन पुन्हा फिरावे, कारण अंधारात डोळे चमकतात. मांजर दिसताच मागे धावू नये. जमिनीवर बसून, ओळखीचे खाणे पुढे ठेवून ते जवळ येण्याची वाट पाहावी. छायाचित्रासह पत्रके लावताना अंगावरची एखादी खूण मुद्दाम गाळावी. खोटा दावा त्यावरून ओळखता येतो.

मांजर दुसऱ्याच कुणाच्या हाती लागले, तर मायक्रोचिप उपयोगी पडते. तांदळाच्या दाण्याएवढी ही चिप पशुवैद्य सुईने खांद्यांच्या मधोमध त्वचेखाली बसवतात. तिच्यात बॅटरी नसते आणि मांजर कुठे आहे, हेही ती सांगत नाही. वाचकयंत्र जवळ नेल्यावर ती केवळ १५ आकडी क्रमांक देते. गळ्यातला पट्टा गळून पडू शकतो, हा क्रमांक मात्र शरीरातच राहतो.

अमेरिकेतील प्राणी-आश्रयगृहांच्या २००९ सालच्या पाहणीत, तेथे आलेल्या एकूण भटक्या मांजरांपैकी दोन टक्केही धन्याकडे परतली नव्हती. चिप असलेल्यांत हे प्रमाण ३८ टक्क्यांवर होते. ज्यांचे धनी सापडले नाहीत, त्यांच्या बाबतीत नोंदीतील चुकीचा वा बंद पडलेला दूरध्वनी क्रमांक हे एक मोठे कारण होते. त्यामुळे चिप बसवून घेताना तिची नोंद कोणत्या यादीत होते, हे पशुवैद्यांना विचारावे आणि मोबाइल क्रमांक बदलला की ती नोंदही त्याच दिवशी बदलावी.