तिथी, भरती आणि सासूबाईंचे गुडघे

दिवाळीच्या सुट्टीत अकरा माणसांना आठ दिवस बाहेर न्यायचे, तर आधी ठिकाणे ठरवायची नाहीत, आधी पलंग ठरवायचे. आमच्याकडे थोरला अठ्ठ्याहत्तरचा आणि धाकटी पाच वर्षांची. मधे सासूबाई, त्यांची नणंद म्हणजे आमच्या आत्याबाई, आम्ही दोन भाऊ-दोन जावा आणि आणखी तीन पोरे. रोज नवी खोली म्हणजे रोज बॅगा, रोज औषधांचा डबा शोधणे आणि मामंजींना रोज रात्री अंधारात संडासाचे दार नव्याने शोधायला लावणे. म्हणून सात रात्री आणि फक्त तीन मुक्काम: कोल्हापूर दोन रात्री, मालवण तीन, गणपतीपुळे दोन.

निघायचा दिवस भाऊबीजेनंतरचा, म्हणजे कार्तिक शुद्ध तृतीया. परतायचा दिवस दशमी, कारण सासूबाईंनी आधीच बजावले होते, "प्रबोधिनी एकादशीला मी घराबाहेर नाही गं." मधे एखाद्या तिथीचा क्षय किंवा वृद्धी असली तर हिशोब एक दिवस इकडेतिकडे होतो, म्हणून दिनदर्शिका समोर ठेवूनच कागद लिहिला. त्या तिथ्या पुढे समुद्रावर फार कामी आल्या, ते येईलच.

पहिला दिवस पुणे ते कोल्हापूर, साधारण दोनशे तीस किलोमीटर. नकाशा सांगतो त्याच्या दीडपट वेळ मी धरते, कारण आमच्या गाडीला दर दोन तासांनी थांबावे लागते. टेम्पो ट्रॅव्हलरची पायरी उंच असते, तेव्हा दाराशी एक बुटके लाकडी स्टूल ठेवले. त्याच्याइतकी उपयोगी वस्तू त्या सामानात दुसरी नव्हती. फराळाचे डबे मागे न बांधता पायाशी घेतले. भूक लागली की शंकरपाळी आणि कडक बुंदीचे लाडू, धाब्यावर फक्त चहा. पोरांची पोटे त्यामुळे शेवटपर्यंत शाबूत राहिली. संध्याकाळी फक्त रंकाळ्यावर फेरी, बाकी काही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर अंबाबाई. सुट्टीत मुख्य रांग तासन्‌तास चालते, म्हणून ज्येष्ठांनी मुखदर्शनाच्या रांगेतून बाहेरूनच हात जोडले. आत्याबाईंना आधी ते उणे वाटले. "देवीला मी दिसलो ना, मग झालं," म्हणून मामंजींनी वाद मिटवला. दुपारी झोप आणि उन्हे कलल्यावर पन्हाळा. हा गड म्हाताऱ्यांना मानवतो, कारण गाडी थेट वर जाते आणि तीन दरवाजा, अंबरखाना ही ठिकाणे थोड्या चालण्यात होतात. आम्ही दोनच जागा पाहिल्या, उरलेले पोरांनी धावून पाहिले.

तिसरा दिवस घाटाचा. राधानगरी, दाजीपूर, फोंडा घाट, कणकवली, मग मालवण. घाट लागणाऱ्या मुलांना उपाशी ठेवू नये आणि भरपेटही नाही. निघताना अर्धी भाकरी, घाट सुरू होण्याआधी आल्याचा तुकडा, आणि पुढच्या सीटवर जागा. एवढे करूनही मोठ्या पुतण्याला दाजीपूरच्या पुढे उलटी झालीच. प्लास्टिकच्या पिशव्या सीटखाली होत्या, म्हणून पंधरा मिनिटांत गाडी पुन्हा चालू झाली. आम्ही मालवणला जेवायला दोनपर्यंत पोचलो आणि त्या दिवशी समुद्राकडे कुणालाही जाऊ दिले नाही.

मालवणचा मुक्काम लांबवायचे कारण समुद्र. किनाऱ्यावरचा जुना आडाखा असा: पक्षातली तिथी पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते. षष्ठीला सहा गुणिले पाऊण, म्हणजे साडेचार. पहाटे आणि दुपारी. मधे साधारण सहा तासांनी ओहोटी. जागेनुसार तास-अर्धा तास मागेपुढे होते, तेवढे बोटवाल्याला विचारून घ्यायचे. अमावास्येला उधाण असते: पाणी खूप चढते आणि तितकेच उतरते. अष्टमीच्या आसपास ‘भांग’ असतो, तेव्हा चढ-उतार थोडा. म्हणजे लक्ष्मीपूजनाच्या लगेच मागून कोकण गाठले, तर समुद्र सगळ्यात चंचल असतो. आठवड्याने शांत होतो. म्हणून कोल्हापूर आधी आणि कोकण नंतर.

चौथ्या दिवशी, षष्ठीला, तारकर्ली. ओहोटीच्या सुमारास सकाळी नऊला ओली वाळू घट्ट होते आणि सासूबाईंचा पाय तिच्यात रुतत नाही. भरतीला कोरड्या वाळूतून चालणे त्यांना जमत नाही, म्हणून दुपारी त्या पडवीत आणि पोरे पाण्यात, तीही गुडघाभर. पाणी उतरत असताना मुलांना आत जाऊ द्यायचे नाही, हा घरमालकांचा नियम आम्ही तसाच पाळला. रात्री आमच्या ताटात बांगडा आणि कोंबडी-वडे, सासूबाई-आत्याबाईंसाठी वेगळ्या चुलीवरची आंबोळी आणि वाटाण्याची उसळ. ही वेगळी चूल पोचल्यावर मागून मिळत नाही, खोली ठरवतानाच बोलून घ्यावी लागते. तेव्हाच दुसरा प्रश्न: खालच्या मजल्यावर खोली आहे का आणि आत उंच बैठकीचा संडास आहे का?

सप्तमीला सिंधुदुर्ग. १६६४ साली शिवाजी महाराजांनी कुरटे बेटावर या किल्ल्याची पायाभरणी केली. पन्हाळा आणि विजयदुर्गासह आता तो जागतिक वारसा यादीतही आहे. पण आमची खरी चिंता धक्का ते होडी या एका पावलाची. उधाणाच्या ओहोटीत होडी खाली बसते आणि तेच पाऊल वृद्धाला भीतीदायक वाटते. त्या दिवशी फरक थोडाच होता, खलाशाने हात दिला आणि मामंजी स्वतः उतरले. आठलाच गेलो, कारण दहानंतर तटावर सावली नाही. शिवराजेश्वर मंदिर, दूधबाव, साखरबाव, आणि परत. चारी बाजूंना खारे पाणी असून विहिरी गोड्या कशा, हे पोरांनी गाइडला इतके विचारले की तो शेवटी हसून बाजूला झाला. तटाची अख्खी फेरी तीनेक किलोमीटर, ती आम्ही सोडली. आत्याबाईंनी होडीला साफ नकार दिला आणि धक्क्यावर छत्री घेऊन बसल्या, पेरू खात.

सहाव्या दिवशी मालवण ते गणपतीपुळे. देवगडजवळ कुणकेश्वर, दुपारचे जेवण वाटेत, पोचायला संध्याकाळ. सागरी रस्ता सुंदर पण वळणांचा, दिवस पूर्ण खातो.

सातवा दिवस मोकळा ठेवला होता. सकाळी गणपतीचे दर्शन झाले. टेकडीची प्रदक्षिणा सुमारे किलोमीटरभराची आणि फरसबंद. सासूबाईंनी ती दोनदा बसून पूर्ण केली. मधे मालगुंडला केशवसुतांचे घर. बाकी सगळ्यांनी झोप काढली आणि कोणी तक्रार केली नाही.

आठव्या दिवशी सहाला निघालो. चिपळूण, कुंभार्ली घाट, पाटण, उंब्रज. घाट उन्हाआधी पार करायचा आणि चालकाला दुपारी तासभर पडायला द्यायचे, हे दोन्ही कागदावर लिहिलेले होते. सुट्टी संपताना संध्याकाळी पुण्याकडे येणाऱ्या गाड्या खोळंबतात, म्हणून पाचच्या आत शहरात शिरायचे ठरवले होते. आम्ही साडेपाचला शिरलो. सासूबाईंनी गाडीतूनच वाण्याला फोन करून उद्यासाठी वरई आणि साबुदाणा मागवला.