उणे 0.68 की अधिक 0.68?

सीओपीडी म्हणजे फुप्फुसांतल्या श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याचा आजार. धाप वाढली की रुग्ण इस्पितळात येतो, बरं वाटलं की घरी जातो आणि पुष्कळदा थोड्याच दिवसांत परत येतो. हा फेरा थांबावा म्हणून अमेरिकेत बाल्टिमोर इथल्या जॉन्स हॉपकिन्स बेव्ह्यू मेडिकल सेंटरमध्ये एक कार्यक्रम आखला गेला. या आजाराचं खास प्रशिक्षण घेतलेल्या परिचारिका रुग्णाला आणि घरच्या माणसांना इस्पितळातच भेटत. इन्हेलर कसा ओढायचा, त्रास वाढतोय हे कसं ओळखायचं, हे शिकवत आणि रुग्ण घरी गेल्यावरही तीन महिने त्याच्या संपर्कात राहत. 240 रुग्णांची चिठ्ठ्या टाकल्यासारखी विभागणी झाली. 120 जणांना हा कार्यक्रम मिळाला, 120 जणांना नेहमीची सेवा.

नोव्हेंबर 2018 मध्ये ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात निकाल छापून आला. कार्यक्रमातल्या रुग्णाला सहा महिन्यांत या आजारासाठी सरासरी 0.72 वेळा इस्पितळात दाखल व्हावं लागलं किंवा तातडीच्या विभागात धाव घ्यावी लागली. नेहमीची सेवा मिळालेल्यांची सरासरी 1.40 होती. म्हणजे जवळपास निम्मा त्रास कमी झाला. ज्यांच्या घरात असा रुग्ण आहे त्यांना हा आकडा केवढा दिलासा देणारा होता, हे वेगळं सांगायला नको.

ऑक्टोबर 2019 मध्ये त्याच नियतकालिकात त्याच संशोधकांचं दुरुस्तीपत्र आलं. आकडे तेच होते, फक्त त्यांच्या जागा बदलल्या होत्या. 1.40 हा कार्यक्रमाचा आकडा होता आणि 0.72 नेहमीच्या सेवेचा.

चूक नेमकी कुठे झाली, तेही पत्रात लिहिलं आहे. कोणता रुग्ण कोणत्या गटात, हे मूळ नोंदींत 1 आणि 2 अशा अंकांनी लिहिलेलं होतं. विश्लेषणाआधी ते 0 आणि 1 मध्ये बदलायचं होतं. संख्याशास्त्रात ही रोजची बाब आहे, कारण गट 0 आणि 1 असे मांडले की हिशोब सरळ होतो. पण बदलताना गट उलटे लिहिले गेले.

याचा परिणाम सहगुणकावर कसा होतो ते पाहू. समीकरण साधं आहे: फेऱ्यांची सरासरी = a + b × गट. नेहमीच्या सेवेला 0 आणि कार्यक्रमाला 1 दिला, तर a म्हणजे नेहमीच्या सेवेतली सरासरी. b हा सहगुणक सांगतो की कार्यक्रमामुळे तीत किती भर पडली किंवा घट झाली. 2018 च्या निकालानुसार a होता 1.40 आणि b उणे 0.68, दोन्ही मिळून 0.72. गट सुलटे केल्यावर a झाला 0.72 आणि b अधिक 0.68, दोन्ही मिळून 1.40. सहगुणकाच्या अंकांना धक्काही लागला नाही, फक्त उण्याच्या जागी अधिक आलं.

माझ्या मते या चुकीतली सगळ्यात घातक गोष्ट हीच आहे. आकडा दहापट फुगला असता तर कुणाच्या तरी डोळ्यांत खुपला असता. इथे तसं काहीच झालं नाही. फरकाचा संभाव्य पल्ला 0.22 ते 1.15 होता, चुकीच्या निकालात तो घटीचा होता, दुरुस्त निकालात वाढीचा. असा फरक निव्वळ योगायोगाने दिसण्याची शक्यता 0.004 इतकी कमी होती आणि दुरुस्तीनंतरही तेवढीच राहिली. संख्याशास्त्रीय कसोट्या दोन गटांतला फरक ठळक आहे की नाही एवढंच पाहतात. कोणत्या गटावर कोणती पाटी आहे, हे त्यांना कळत नाही. त्यातून दोन्ही गट 120 चेच. एका गटात 110 आणि दुसऱ्यात 130 जण असते, तर निदान मोजणीत विसंगती दिसली असती.

मग अशी चूक पकडायची कशी? गट बदलणाऱ्या ओळीकडे कितीही वेळ पाहिलं तरी ती निर्दोषच दिसते, कारण तिच्यात व्याकरणाची चूक नसते. उत्तर कसं यायला हवं हे आपल्याला आधीपासून ठाऊक आहे, अशी एखादी नोंद शोधावी लागते. इथे ती म्हणजे परिचारिकेच्या भेटी. कार्यक्रमाबाहेरच्या रुग्णाला या खास परिचारिका भेटणारच नाहीत. भेटींची नोंद `nurse_visits` आणि नवा गट `group` या नावांनी ठेवला असेल, तर स्टाटा या आज्ञावलीत एक ओळ पुरते:

```
tabstat nurse_visits, by(group)
```

गट 0 समोर शून्याच्या आसपास सरासरी आली, तर पाट्या बरोबर आहेत. भेटी गट 0 मध्ये आणि शून्य गट 1 मध्ये दिसलं, की समजायचं गट उलटे झाले. नवे अंक तयार केल्याबरोबर ही तपासणी करावी. पुढचे सगळे तक्ते याच अंकांवर उभे राहतात, त्यामुळे एकदा पाटी उलटी लागली की प्रत्येक तक्ता एकाच दिशेने चुकतो आणि कुठलेही दोन तक्ते एकमेकांशी भांडत नाहीत.

शिवाय पहिला निकाल सगळ्यांना हवा तसाच होता. शिकवलं, पाठपुरावा केला, फेऱ्या कमी झाल्या: यात शंका घेण्यासारखं काही वाटत नाही. पण शंकेला जागा होती. 2012 मध्ये ‘ॲनल्स ऑफ इंटर्नल मेडिसिन’मध्ये अशाच एका कार्यक्रमाची चाचणी प्रसिद्ध झाली होती. ती अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या इस्पितळांत, 426 रुग्णांवर झाली होती. कार्यक्रमाच्या गटात 28 मृत्यू झाले आणि दुसऱ्या गटात 10, म्हणून ती मध्येच थांबवावी लागली. रुग्णाला स्वतःची काळजी घ्यायला शिकवलं की भलंच होतं, हे त्याच वेळी डळमळीत झालं होतं.

दुरुस्त निष्कर्ष असा आहे: या कार्यक्रमामुळे सहा महिन्यांत सीओपीडीसाठीच्या इस्पितळ आणि तातडीच्या विभागातल्या फेऱ्या लक्षणीयरीत्या वाढल्या. असं का झालं, यासाठी आणखी संशोधन हवं, असं संशोधकांनीच लिहिलं आहे. परिचारिकांनी रुग्णांचं नुकसान केलं, असा मात्र याचा अर्थ लगेच काढता येत नाही. लक्षणं ओळखायला शिकलेला रुग्ण लवकर घाबरून किंवा शहाणपणाने वेळेत इस्पितळ गाठत असेल, हीदेखील एक शक्यता आहे. फेऱ्यांची संख्या म्हणजे प्रकृतीचं मोजमाप नव्हे. शिवाय ही चाचणी एकाच इस्पितळातली. तिथला अनुभव दुसरीकडे जसाच्या तसा येईल असं नाही.

‘जामा’ने केवळ एक ओळीचं शुद्धिपत्र छापून काम भागवलं नाही. चूक शीर्षकाखालच्या सारांशापासून शेवटच्या तक्त्यापर्यंत पसरलेली होती, म्हणून जुना निबंध मागे घेऊन त्या जागी दुरुस्त निबंध ठेवला. जुन्या प्रतीत चुका कुठे होत्या हेही खुणा करून सोबत दिलं. ही पद्धत मला योग्य वाटते. हेतुपुरस्सर फसवणूक आणि प्रामाणिक चूक यांना एकाच ‘मागे घेतला’ या शिक्क्याखाली गाडलं, तर स्वतः पुढे येऊन चूक सांगण्याचं धैर्य कोण करील?

तरी एक अडचण उरते. 2018 मध्ये कुणी तो निबंध उतरवून आपल्या संगणकावर ठेवला असेल, तर त्या प्रतीवर आजही कसलीच खूण नाही. तिच्यात कार्यक्रमाच्या रकान्यात 0.72 च लिहिलेलं आहे. अशा निबंधावरून एखादं इस्पितळ नवी योजना आखत असेल, तर साठवलेली प्रत बाजूला ठेवून नियतकालिकाच्या पानावर जाऊन तो निबंध अजून जागेवर आहे का, हे आधी पाहायला हवं.