टाकी घेण्याआधी सावली शोधा

मार्च संपत आला की आपल्या वस्तीत नव्या टाक्या दिसू लागतात. हातगाडीवरून एखादी काळी टाकी येते, चार पोरं मिळून ती पत्र्यावर चढवतात आणि घरात आनंद होतो की आता पाण्याची चिंता मिटली. मे महिन्यात त्याच टाकीच्या नळाखाली दुपारी हात धरवत नाही. पुढे पाण्याला वास येतो आणि झाकण उघडले तर आत हिरवे शेवाळ दिसते. मग दोष टाकीला दिला जातो. टाकी प्लास्टिकची घ्यावी, सिमेंटची बांधावी की स्टीलची, हा प्रश्न आम्हाला नेहमी विचारला जातो. आमचे उत्तर असे की आधी जागा ठरवा, मग टाकी ठरवा. हा लेख आम्ही नागपूरकडचा कोरडा, कडक उन्हाळा डोळ्यांसमोर ठेवून लिहीत आहोत.

प्रथम ऊन आणि शेवाळ या दोन गोष्टी वेगळ्या करून पाहू. शेवाळ उजेडावर जगते. पाणी कितीही तापले तरी पूर्ण अंधारात शेवाळ धरत नाही आणि पाणी थंड असले तरी उजेड मिळाला की ते वाढते. उष्णतेचे नुकसान निराळे आहे. नळाच्या पाण्यात जंतू मारण्यासाठी क्लोरिन घातलेला असतो. पाणी तापले की तो लवकर संपतो, आणि कोमट पाण्यात जंतू झपाट्याने वाढतात. शेवाळ धरले तर उरलासुरला क्लोरिन त्यातच खर्च होतो. म्हणून टाकीत उजेड जाता कामा नये आणि टाकीवर ऊन पडता कामा नये. या दोन्ही गोष्टी साधल्या तरच साठवलेले पाणी टिकते.

आता तिन्ही प्रकार पाहू. प्लास्टिकची टाकी हलकी, स्वस्त आणि हलवता येण्यासारखी असते. भाड्याच्या घरात किंवा जागेचा भरवसा नसेल तिथे हा मोठा फायदा आहे. काळ्या टाकीत उजेड जात नाही, पण ती ऊन शोषून घेते. एकाच थराची पातळ पांढरी टाकी ऊन कमी शोषते, पण उजेड आत सोडते. म्हणून बाहेरून पांढरी आणि मधला एक थर काळा असलेली टाकी घ्यावी. दुकानदार तीन थर आहेत असे सांगतो तेवढ्यावर विसंबू नये. टाकी दुकानाबाहेर उन्हात ठेवायला सांगा, तोंडावर चादर धरून आत डोकावून पाहा. भिंती उजळलेल्या दिसल्या तर त्या टाकीत शेवाळ धरणारच. आत काळोख असेल तर टाकी चालेल. तिच्यावर आयएसआयची खूण आणि १२७०१ हा क्रमांकही पाहून घ्या. पाण्याच्या प्लास्टिक टाक्यांसाठीचा तो भारतीय मानकाचा क्रमांक आहे. कारखान्यातून आलेले जुने निळे ड्रम मात्र पिण्याच्या पाण्याला वापरू नयेत. त्यात आधी कोणते रसायन होते हे आपल्याला कळत नाही आणि ते धुऊन पूर्ण जाईल याची खात्री नसते.

सिमेंटचा हौद जाड भिंतींचा असल्यामुळे हळूहळू तापतो. सावलीत बांधलेल्या हौदातले पाणी भर उन्हाळ्यातही बऱ्यापैकी गार राहते. पण तोच हौद उन्हात असेल तर दिवसभर तापलेल्या भिंती रात्रभर ऊब सोडत राहतात. हौदाचे खरे दुखणे असते ते झाकण आणि तडा. मोठ्या तोंडावर फळी किंवा पत्र्याचा तुकडा ठेवलेला असतो, त्याच्या फटीतून उजेड, धूळ आणि डास तिन्ही आत जातात. जमिनीत खोल घेतलेल्या हौदाला तडा गेला तर शेजारच्या नालीचे पाणी आत झिरपू शकते. हौद रिकामा करून पुसून कोरडा करा आणि रात्रभर तसाच ठेवा. सकाळी भिंतीवर ओलीचा डाग दिसला तर पाणी बाहेरून येत आहे असे समजा आणि डागडुजी होईपर्यंत ते पाणी पिऊ नका. नवा हौद बांधला तर आठवडाभर पाणी भरून ठेवावे, ते सोडून द्यावे आणि हौद घासून पुन्हा भरावा. नव्या सिमेंटचे पाणी हाताला चुन्यासारखे निसरडे लागते. तसे लागणे थांबेपर्यंत पाणी बदलत राहावे.

स्टीलच्या टाकीत उजेड जात नाही, ती आतून गुळगुळीत असते आणि घासायला सोपी जाते. पण पातळ पत्रा उन्हात चटकन तापतो आणि आतले पाणीही तापवतो. किंमत प्लास्टिकच्या कितीतरी पट असते. चांगल्या स्टीलला ३०४ म्हणतात. लोहचुंबक घट्ट चिकटला तर ते ३०४ नव्हे. न चिकटला तरी ते ३०४ च आहे असे सिद्ध होत नाही, म्हणून बिलावर तसे लिहून घ्यावे. बोअरच्या खारट पाण्याने आणि जास्त ब्लिचिंग पावडरने स्टीलला, विशेषतः जोडाच्या ठिकाणी, बारीक भोके पडतात. आमच्या मते वस्तीतल्या घराला मोठी स्टीलची टाकी परवडणारी नाही. नळाला तोटी असलेली वीस-तीस लिटरची स्टीलची टाकी पिण्याच्या पाण्यासाठी घरात ठेवणे मात्र उत्तम.

आता एक घर धरून हिशेब करू. पाच माणसे, दोन खोल्या, वर टिनाचे छप्पर, दार पूर्वेला आणि पाणी एका दिवसाआड. माणशी दिवसाला ४० लिटर धरले तर रोजचे २०० लिटर आणि दोन दिवसांचे ४०० लिटर होतात. म्हणजे ५०० लिटरची टाकी पुरे. हजार लिटरची घेतली तर पाणी जास्त दिवस पडून राहील आणि तेवढे शिळे होईल.

ही टाकी छपरावर ठेवू नये. एक लिटर पाण्याचे वजन एक किलो, म्हणजे भरलेली टाकी पाच क्विंटलची होते. टिनाखालचे अँगल आणि विटांची भिंत एवढे ओझे पेलण्यासाठी बांधलेले नसतात. वादळात किंवा भिंत ओली झाल्यावर टाकी झोपलेल्या माणसांवर येऊ शकते. शिवाय तापलेला टिन टाकीला खालून भाजतो आणि वरून ऊन भाजते. टाकी खाली ठेवण्याचा आणखी एक फायदा आहे. नळाला जोर कमी असला तरी खालची टाकी मोटारीशिवाय भरते.

या घरात टाकीची जागा दाराजवळ, पूर्वेच्या भिंतीला लागून. सकाळचे ऊन पडेल, पण ते कोवळे असते. दुपारनंतर, जेव्हा ऊन सर्वांत कडक असते, तेव्हा घराचीच सावली टाकीवर येते. काही जण उत्तरेची भिंत निवडतात. हिवाळ्यात तिथे सावली असते हे खरे, पण मे महिन्याच्या अखेरीस नागपूरला भर दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो आणि भिंतीची सावली हातभरही पडत नाही. म्हणून जागा कोणतीही असो, टाकीच्या वर आडोसा हवाच. जागा फक्त पश्चिमेला असेल तर वरच्या आडोशाबरोबर पश्चिमेकडून तट्ट्याचा आडोसाही करावा.

आडोसा टाकीला टेकवू नये. चार बांबू रोवून त्यावर तट्ट्या किंवा जुना फ्लेक्स पांढरी बाजू वर करून बांधा आणि टाकीच्या झाकणापासून निदान एक फूट मोकळे सोडा. त्या फटीतून हवा खेळते आणि तापलेल्या आडोशाची धग टाकीला लागत नाही. झाडाची सावलीही चालते, पण पाने आणि पक्ष्यांची घाण पडते, म्हणून झाकण घट्ट हवे. आपल्याकडच्या कोरड्या हवेत टाकीभोवती बारदान गुंडाळून दिवसातून दोनदा ओले केले तरी पाणी गार राहते. भांडी धुतलेले पाणी त्यासाठी वापरू नये, वास आणि माश्या येतात. मुंबई-कोकणाच्या दमट हवेत ओल्या बारदानाचा फारसा उपयोग होत नाही. तिथे सावलीवरच भर द्यावा.

टाकीखाली विटांचा दीड फूट उंच ओटा बांधावा, म्हणजे तोटीखाली बादली बसते. ओटा टाकीच्या बुडापेक्षा थोडा मोठा, वर सपाट शहाबादी फरशी आणि पातळी नीट पाहिलेली असावी. प्लास्टिकच्या टाकीचे बूड अर्धे फरशीवर आणि अर्धे अधांतरी राहिले तर काही महिन्यांत तिथेच चीर जाते. जास्तीचे पाणी जाण्याच्या नळीवर बारीक जाळी बांधा आणि तिचे टोक नालीत बुडू देऊ नका. जाळी नसेल तर डेंग्यूचा डास तिथूनच आत जातो. त्याची अंडी पाण्याच्या रेषेजवळ भिंतीला चिकटतात आणि गरम दिवसांत आठवड्याभरात नवा डास तयार होतो.

आपल्याकडे एक गोष्ट नेहमी नजरेतून सुटते, ती म्हणजे पाणी भरायची नळी. सार्वजनिक नळावरून टाकी भरताना आपण पारदर्शक नळी वापरतो आणि ती उन्हातच पडून राहते. तिच्यात शेवाळ धरते आणि प्रत्येक वेळी थोडे थोडे टाकीत जाते. नळी अपारदर्शक घ्यावी, काम झाले की दोन्ही टोके खाली सोडून पाणी काढावे आणि घरात टांगून ठेवावी.

टाकी साफ करताना आतली घाण नीट पाहा. ती कारण सांगते. एकाच बाजूला हिरवा थर असेल तर त्या बाजूने उजेड येतो आहे. फक्त झाकणाखाली हिरवे असेल तर झाकण बसत नाही. तळाशी तपकिरी गाळ असेल तर तो पाण्याबरोबर आलेला आहे, त्याचा उन्हाशी संबंध नाही. रंग नसलेला बुळबुळीत थर सगळीकडे असेल तर तो जंतूंचा आहे. टाकी अंधारी असूनही पाणी फार दिवस राहते किंवा घासणी वेळेवर होत नाही, असा त्याचा अर्थ. उष्णतेसाठी दुपारी तीन वाजता टाकीतले पाणी आणि सकाळपासून घरात झाकून ठेवलेल्या बादलीतले पाणी हाताने पाहा. टाकीतले पाणी जास्त गरम लागले तर आडोसा अजून अपुरा आहे.

एवढे सगळे करूनही टाकीचे पाणी वापरायचे समजावे. पिण्याचे पाणी नळ येताच पहिली धार सोडून थेट माठात किंवा स्टीलच्या भांड्यात भरावे आणि घरात झाकून ठेवावे. पुढचा नळ येण्याआधी ते संपले आणि टाकीतले पाणी प्यावे लागले तर उकळून, निववूनच घ्यावे. लहान मुलांना आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांना तरी उन्हाळ्यात टाकीचे पाणी तसेच देऊ नये.