रिकाम्या टाकीचं वजन आणि सरकणारा आकडा

सिलिंडरच्या कड्यावर रिकाम्या टाकीचं वजन कोरलेलं असतं. आमच्या टाकीवर १५.३ किलो आहे, त्यात १४.२ किलो गॅस धरला की भरलेली टाकी २९.५ किलोची होते. मी ती लोडसेल बसवलेल्या पाटावर ठेवली. भार पडला की लोडसेलचा धातू किंचित वाकतो. त्यातून निघणारा अगदी क्षीण विद्युत संकेत HX711 हा अ‍ॅम्प्लिफायर वाढवून त्याचा आकडा करतो.

तो आकडा म्हणजे किलो नव्हे. रिकाम्या पाटावर ८४,००० आला, वाण्याकडची २० किलोची वजनं ठेवल्यावर ५,०४,०००. फरक ४,२०,०००, म्हणजे किलोमागे २१,०००.

खरी परीक्षा पुढे असते. रात्री शेगडी बंद असतानाही सकाळी गॅस ६० ग्रॅम कमी दिसला. गळती? आधी तीच शंका घ्यावी: शेगडी बंद ठेवून आणि रेग्युलेटर चालू करून नळीच्या जोडांना साबणाचं पाणी लावलं, बुडबुडे आले नाहीत. दुपारी स्वयंपाकघर तापल्यावर आकडा परत वर चढला आणि उलगडा झाला. गेलेला गॅस परत येत नाही. तापमानाने शून्यच सरकतं, शिवाय सततच्या भाराने धातूही हळूहळू थोडा वाकत जातो. टाकी पाटावर असताना शून्य तपासता येत नाही, म्हणून दर वेळी टाकी बदलताना मी रिकाम्या पाटाचा आकडा नव्याने घेते.