रेपो एकच, मग व्याज वेगळे का?

एकाच बँकेचे दोन गृहकर्जदार घेऊ. पहिल्याने २०२२ च्या सुरुवातीला कर्ज घेतले. तेव्हा रिझर्व्ह बँकेचा रेपो दर ४ टक्के होता आणि त्याला ६.७० टक्क्यांनी कर्ज मिळाले. मित्रमंडळींत त्याचा हेवा वाटावा असा तो दर होता. दुसऱ्याने डिसेंबर २०२५ मध्ये, रेपो ५.२५ टक्क्यांवर आल्यानंतर, ७.२५ टक्क्यांनी कर्ज घेतले. कागदावर पहिला नशीबवान दिसतो. पण त्याच डिसेंबरनंतर पहिल्याचा दर किती होता? ७.९५ टक्के. स्वस्त कर्ज घेतलेला माणूस आज ०.७० टक्के जास्त व्याज भरतो आहे, आणि बँकेने त्याच्या बाबतीत एकही नियम मोडलेला नाही. माणसे आणि त्यांचे दर उदाहरणापुरते आहेत, रेपोचे आकडे खरे आहेत.

उत्तर स्प्रेडमध्ये आहे. तरत्या व्याजदराचे दोन भाग असतात. एक मापदंड, म्हणजे बेंचमार्क. तो बँकेच्या हातात नसतो आणि गृहकर्जात बहुतेक वेळा तो रेपो दरच असतो. दुसरा स्प्रेड, म्हणजे बँक त्यावर चढवते ती वाढ. तिच्यात बँकेचा खर्च, नफा आणि कर्जदार पैसे बुडवेल या जोखमीची किंमत धरलेली असते. पहिल्याचा स्प्रेड २.७० टक्के, दुसऱ्याचा २ टक्के. मधल्या काळात रेपो ४ वरून ६.५० पर्यंत चढला आणि मग ५.२५ पर्यंत उतरला. त्याबरोबर पहिल्याचा दर ९.२० पर्यंत जाऊन ७.९५ वर आला. त्याचा २.७० चा आकडा मात्र जागचा हलला नाही. दरम्यान बँकांमध्ये गृहकर्जासाठी चढाओढ वाढली आणि नव्या ग्राहकाला कमी स्प्रेड मिळू लागला.

हा स्प्रेड असा घट्ट बांधून ठेवण्यामागे इतिहास आहे. पूर्वी बेस रेट आणि पुढे एमसीएलआर हे मापदंड बँका स्वतःच काढत. रिझर्व्ह बँकेच्या एका अभ्यासगटाला २०१७ मध्ये असे आढळले, की ठेवींवरचे व्याज घसरले तरी काही बँका हिशेबात सोयीचे फेरफार करून कर्जाचा दर वर ठेवत होत्या. रेपो कमी झाल्याची बातमी यायची, हप्ता मात्र तसाच. म्हणून १ ऑक्टोबर २०१९ पासून बँकांच्या नव्या तरत्या दराच्या किरकोळ कर्जांना बाहेरचा मापदंड सक्तीचा झाला आणि दर तीन महिन्यांतून किमान एकदा फिरवणे बंधनकारक ठरले. सुरुवातीचा स्प्रेड किती ठेवायचा हे बँकेवर सोडले. एकदा ठरला की मात्र जोखमीचा भाग कर्जदाराच्या पतमूल्यांकनात मोठा बदल झाला तरच बदलता येतो आणि बाकीचे घटक तीन वर्षांतून एकदाच.

नियम कर्जदाराच्या रक्षणासाठीच होता. पण त्याने स्प्रेड खाली आणायलाही बँकेला तीन वर्षे थांबवले. १ ऑक्टोबर २०२५ पासून ही गाठ सैल झाली. ग्राहकाच्या फायद्यासाठी बँक आता बाकीचे घटक तीन वर्षांच्या आतही कमी करू शकते. ही परवानगी आहे, सक्ती नव्हे. न मागता ही सूट पदरात पडेल, अशी आशा कोणी ठेवू नये.

आता फक्त स्प्रेड बदलला तर काय होते ते पाहू. पहिल्या कर्जदाराची ४० लाखांची मुद्दल बाकी आहे आणि १५ वर्षे उरली आहेत असे धरू. ७.९५ टक्क्यांनी त्याचा हप्ता सुमारे ३८,१११ रुपये बसतो. बँकेने स्प्रेड २.७० वरून २ वर आणला तर दर ७.२५ होतो आणि हप्ता सुमारे ३६,५१५. महिन्याला जवळपास १,६०० रुपयांचा फरक, म्हणजे १५ वर्षांत अंदाजे २ लाख ८७ हजार.

पहिल्याच महिन्याचे व्याज मात्र सुमारे २,३३३ रुपयांनी घटते. मग हप्ता फक्त १,६०० नेच का उतरतो? कारण नव्या हप्त्यातला मुद्दलीचा वाटा सुरुवातीपासूनच वाढलेला असतो. त्यापुढे जाऊन कर्जदाराने बँकेला सांगितले, की हप्ता ३८,१११ च राहू द्या, मुदत कमी करा, तर कर्ज १३ महिने आधी संपते आणि बचत ५ लाखांच्या घरात जाते. तोच स्प्रेड, तेवढीच घट, पण फायदा पावणेदोन पटींच्या आसपास. बँकेत अर्ज करताना ही निवड तोंडी न सांगता लेखी द्यावी.

रेपोतली घट आणि स्प्रेडमधली घट यांत एक मोठा फरक आहे. रेपो पाव टक्का उतरला तर दोघांनाही लाभ होतो आणि उद्या तो चढला तर दोघांकडूनही परत जातो. स्प्रेडमधला फरक मात्र रेपो कुठेही गेला तरी टिकतो. उद्या रेपो पुन्हा ६.५० झाला तर पहिला ९.२० भरेल, दुसरा ८.५०. कर्ज घेताना आजच्या दराकडेच पाहणारा माणूस जो आकडा सतत बदलणार आहे त्यावर घासाघीस करतो आणि जो वर्षानुवर्षे सोबत राहणार आहे तो वाचतही नाही.

आपला स्प्रेड शोधायला एक वजाबाकी पुरते: चालू व्याजदरातून शेवटच्या रीसेटच्या दिवशीचा रेपो वजा करायचा. फसगत होते ती बँकेच्या भाषेमुळे. मंजुरीपत्रात ‘ईबीएलआर अधिक ०.२०’ असे असते आणि ग्राहक स्प्रेड ०.२० समजतो. पण ईबीएलआर म्हणजे निव्वळ रेपो नव्हे, बहुधा त्यात बँकेची मोठी वाढ आधीच मिसळलेली असते. रेपो ५.२५ आणि ईबीएलआर ७.९० असेल तर खरा स्प्रेड २.८५ होतो.

कर्जखात्याच्या उताऱ्यावर दर कोणकोणत्या तारखांना बदलला ते दिसते. त्या तारखांशेजारी रेपोच्या तारखा लिहाव्यात. तीन महिन्यांपर्यंतचा उशीर रीसेटमुळे चालतो. पण रेपो स्थिर असताना दर चढला असेल तर स्प्रेड हलला आहे. हप्ते थकल्याने पत घसरली का, किंवा पगाराचे खाते दुसरीकडे नेल्याने सवलत गेली का, हे बँकेकडून लेखी विचारता येते.

बँक नकार देत असेल तर कर्ज दुसरीकडे नेता येते. वैयक्तिक तरत्या गृहकर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंड नाही. पण नव्या बँकेचे प्रक्रिया शुल्क, वकील आणि मूल्यांकनाचा खर्च, शिवाय महाराष्ट्रात गहाणाच्या कागदांवरचे मुद्रांक शुल्क आणि नोंदणी येतेच. हा सगळा खर्च मासिक बचतीने भागला तर किती महिन्यांत वसूल होतो ते कळते. कर्ज शेवटच्या चार-पाच वर्षांत आले असेल तर बाकी मुद्दल इतकी कमी झालेली असते, की ०.७० टक्क्यांतून हा खर्चही भरून निघणे अवघड जाते. गृहवित्त कंपन्यांच्या कर्जांना बाहेरच्या मापदंडाचा हा नियम लागू नाही. तिथे कंपनीच्या स्वतःच्या दरावर सूट दिलेली असते, त्यामुळे ती सूट किती आणि नव्या ग्राहकाला किती, हाच प्रश्न आधी विचारावा लागतो.