दरमहा आठ टक्क्यांचे पत्रक कसे वाचावे

ठेवीवर दरमहा ठरावीक आणि भरघोस व्याज देऊ करणारी पत्रके पूर्वी बाजारात हातोहात वाटली जात. आता त्यांचे छायाचित्र काढून ते भ्रमणध्वनीवरून धाडले जाते. या फरकामुळे फसवणुकीचे स्वरूप बदललेले नाही. मात्र पत्रक कोणी छापले, कोणी वाटले आणि त्याच्या पाठीमागे काय लिहिले होते, हे कळण्याची सोय नाहीशी झाली आहे. म्हणून अशा छायाचित्राचे वाचन कसे करावे, याचा सविस्तर विचार करणे इष्ट आहे.

उदाहरणादाखल असे धरावे की, जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यातील हसनाबाद येथे राहणाऱ्या एका शेतकरी गृहस्थाने कापूस विकून चार लाख रुपये बाजूस ठेवले आहेत. शहरात नोकरी करणारा त्याचा भाचा त्याला एका पत्रकाचे छायाचित्र पाठवितो आणि सोबत कळवितो, "मामा, माझ्या कचेरीतल्या एकाला चार महिने बिनचूक पैसे मिळाले. तुम्हीही विचार करा." पत्रकावर ठळक अक्षरांत मजकूर आहे: 'एक लाख रुपये ठेवा, दरमहा आठ हजार मिळवा, चोवीस महिन्यांनी मुद्दल परत. शंभर टक्के हमी. शासनमान्य नोंदणीकृत कंपनी.' पत्रक काल्पनिक आहे, परंतु अशा पत्रकांची भाषा थोड्याफार फरकाने हीच असते.

पहिली पाहणी छायाचित्राचीच करावी. कागदाच्या चारही कडा दिसतात काय? तळाचा बारीक मजकूर कापला गेला आहे काय, किंवा पुसट होऊन वाचता येत नाही काय? पत्रकावर दिनांक, कंपनीचे संपूर्ण नाव आणि कचेरीचा पत्ता आहे काय, की केवळ एक भ्रमणध्वनी क्रमांक आहे? ज्या भागात कायद्याने बांधून घेणारा मजकूर असावयाचा, नेमका तोच भाग छायाचित्रात नसेल, तर मूळ कागद दोन्ही बाजूंनी पाहावयास मागावा. तो देण्यास टाळाटाळ झाली, किंवा 'जागा थोड्याच उरल्या आहेत' अशी घाई होऊ लागली, तर ती टाळाटाळ हीच एक खूण समजावी. तथापि, स्वच्छ आणि पूर्ण छायाचित्र मिळाले म्हणजे योजना खरी ठरली, असे मात्र नव्हे.

दुसरी पाहणी आकड्याची, आणि खरी मेख येथेच आहे. दर महिन्याचा सांगितला की तो लहान भासतो, म्हणून त्यास प्रथम बाराने गुणावे. दरमहा आठ टक्के म्हणजे वर्षाला शहाण्णव टक्के. आता तुलनेसाठी एक पक्के माप हाती असू द्यावे. ठेवी स्वीकारण्याची परवानगी असलेल्या बँकेतर वित्तसंस्थांना रिझर्व्ह बँकेने व्याजाची कमाल मर्यादा घालून दिली आहे. ती वर्षाला साडेबारा टक्के आहे. म्हणजे एक लाखावर महिन्याला सुमारे एक हजार चाळीस रुपये. पत्रक आठ हजार म्हणते. परवाना असलेल्या संस्थेलाही जे देण्याची मुभा नाही, त्याच्या जवळजवळ आठपट हा आकडा आहे. एवढ्या एका गुणाकाराने बहुतेक पत्रकांचा निकाल लागतो.

पण भाच्याचा मुद्दा शिल्लक राहतो: त्याच्या ओळखीच्या माणसाला चार महिने पैसे मिळाले, ते कोठून आले? उत्तर साधे आहे. त्या माणसाचे एक लाख रुपये कंपनीजवळ पडून आहेत. त्यांतून दरमहा आठ हजार दिले, तर कोणताही धंदा न करता, एक पैसा न कमावता, पूर्ण बारा महिने हप्ते देता येतात. बारा हप्त्यांचे होतात शहाण्णव हजार. दलालास पाच हजार दिले असले, तरी अकरा हप्ते निर्वेध निघतात. तात्पर्य, चार हप्ते वेळेवर मिळाले यावरून कंपनीला नफा होतो असे मुळीच सिद्ध होत नाही. ज्याला आपण व्याज समजतो, ती आपलीच ठेव तुकड्यातुकड्याने परत आलेली असू शकते.

आता हीच गोष्ट कंपनीच्या बाजूने मांडून पाहावी. समजा, दरमहा शंभर नवे ठेवीदार येतात आणि प्रत्येक जण एक लाख देतो. म्हणजे महिन्याला एक कोटी जमा. हप्ता ठेवीच्या पुढच्या महिन्यापासून सुरू होतो. चालक अगदी निःस्पृह आहेत, पगार घेत नाहीत, कचेरीचे भाडे देत नाहीत, असेही समजावे. चोवीस महिन्यांत चोवीस कोटी जमा होतात आणि हप्त्यांपोटी बावीस कोटी आठ लाख निघून जातात. तिजोरीत उरतात एक कोटी ब्याण्णव लाख. पंचविसाव्या महिन्यात आणखी एक कोटी येतात. पण त्याच महिन्यात एक कोटी ब्याण्णव लाखांचे हप्ते द्यावयाचे असतात आणि पहिल्या शंभर जणांचे एक कोटी मुद्दलही. जमा आणि देणे दोन्ही बरोबर दोन कोटी ब्याण्णव लाख, तिजोरी रिकामी. सव्विसाव्या महिन्यात देणे तेवढेच, आणि हाती फक्त नवे एक कोटी. त्या दिवशी योजना कोसळते, आणि तोवर आलेल्यांपैकी बहुतेकांचे मुद्दल बुडालेले असते. चालकाने मध्येच मोटार किंवा बंगला घेतला, तर हा दिवस आणखी लवकर उजाडतो. तो पुढे ढकलण्याचा एकच मार्ग असतो: ठेवीदारांची संख्या सतत वाढवीत नेणे. म्हणूनच अशा पत्रकाच्या शेवटी 'नातेवाइकांना आणा, प्रत्येकी इतके टक्के मिळवा' ही ओळ हटकून आढळते. ज्या धंद्यात खरोखर नफा आहे, त्याला ठेवीदाराच्या मावशी-मेव्हण्यांची इतकी निकड नसते.

ही रीत नवी नाही. 1920 साली अमेरिकेतील बोस्टन शहरात चार्ल्स पाँझी याने पंचेचाळीस दिवसांत पन्नास टक्के नफा देण्याचे कबूल केले होते. टपालाच्या आंतरराष्ट्रीय कूपनांच्या व्यापारातून हा नफा होतो असे तो सांगे. प्रत्यक्षात जुन्या ठेवीदारांचे पैसे नव्यांच्या पैशांतून फिटत, आणि त्याच वर्षी सारे कोसळले. जालन्याच्या शेजारच्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात '30-30' या नावाने ओळखली जाणारी योजना 2022 च्या प्रारंभी पोलिसांच्या दप्तरी आली. तीत औद्योगिक मार्गिकेसाठी जमिनी गेल्याने मोबदला मिळालेले अनेक शेतकरी अडकले होते. ज्यांच्या हाती एकदम मोठी रक्कम येते आणि ती कोठे ठेवावी याचा पूर्वानुभव नसतो, त्यांच्याकडे असे लोक नेमके वळतात, हे यावरून दिसून येते.

तिसरी पाहणी 'नोंदणीकृत' या शब्दाची. नोंदणी आणि ठेवी घेण्याची परवानगी या दोन अगदी भिन्न गोष्टी आहेत. वस्तू व सेवा कराचा क्रमांक, लघुउद्योगाचा उद्यम दाखला, दुकानाचा परवाना, प्राप्तिकराचा कायम खाते क्रमांक, यांपैकी एकही दाखला लोकांकडून ठेवी घेण्याचा अधिकार देत नाही. कंपनीला सरकारदरबारी एकवीस अक्षरांचा ओळखक्रमांक मिळतो. त्याच्या शेवटच्या सहा अंकांपूर्वी जर PTC ही तीन अक्षरे असली, तर ती खाजगी कंपनी होय, आणि खाजगी कंपनीस सर्वसाधारण जनतेकडून ठेवी घेण्यास कंपनी कायद्याने मनाई आहे. म्हणजे ज्या क्रमांकाचा पत्रकात डौल मिरविलेला असतो, तोच कित्येकदा तिच्याविरुद्ध साक्ष देतो. मुद्रांकावर लिहिलेला करार आणि पुढील तारखांचे धनादेश यांचीही तीच कथा आहे. धनादेशाचे मोल त्या दिवशी खात्यात असलेल्या रकमेइतकेच असते. खाते रिकामे असले, तर चोवीस धनादेश म्हणजे चोवीस कागद.

येथे एक मर्यादा स्पष्ट केली पाहिजे. गणिताने अशक्य काय हे कळते. सुरक्षित काय हे कळत नाही. बीड येथे मुख्य कचेरी असलेली ज्ञानराधा ही बहुराज्य सहकारी पतसंस्था रीतसर नोंदलेली होती आणि ठेवींवर वर्षाला बारा ते चौदा टक्के देऊ करीत असे. हा दर काही शहाण्णव टक्क्यांचा नव्हे. तरीही 2024 साली तिच्या चालकांवर गुन्हे नोंदले गेले आणि मराठवाड्यातील असंख्य कुटुंबांच्या ठेवी अडकल्या. पतसंस्थेतील ठेवीला बँकेतील ठेवीप्रमाणे पाच लाखांपर्यंतचे विम्याचे संरक्षण नसते, हे तेव्हा अनेकांना प्रथमच कळले. म्हणून दर माफक असला, तरी 'या ठेवीला विमा आहे काय?' हा प्रश्न वेगळा विचारलाच पाहिजे.

हसनाबादच्या त्या गृहस्थाने मग काय करावे? प्रथम पैसे देऊ नयेत, आणि भाच्याशी भांडूही नये. तोही बहुधा अर्धवट माहितीचा बळी असतो. रिझर्व्ह बँकेने याच कामासाठी चालविलेल्या sachet.rbi.org.in या संकेतस्थळावर संस्थेचे नाव शोधता येते आणि तक्रारही नोंदविता येते. परवान्याविना लोकांकडून ठेवी घेणे हा 2019 च्या अनियंत्रित ठेव योजना बंदी कायद्यान्वये गुन्हा आहे. ठेवीसाठी लोकांना आवाहन करणेसुद्धा त्या कायद्याने शिक्षेस पात्र ठरविले आहे, आणि त्यास एक ते पाच वर्षे कैदेची तरतूद आहे. पैसे आधीच गुंतले असतील, तर छायाचित्र पुसून टाकू नये. ते कोणाकडून आणि कोणत्या दिवशी आले ही नोंद, पावत्या आणि बँकेतील उतारे एकत्र करून पोलीस ठाण्यात जावे. महाराष्ट्राच्या 1999 च्या ठेवीदार हितसंरक्षण कायद्याखाली चालकांची मालमत्ता जप्त करून ठेवीदारांत वाटण्याची सोय आहे. ती वाट लांबची असते आणि पूर्ण रक्कम परत येईलच असे नाही. पण जो ठेवीदार उरलेल्या हप्त्यांच्या आशेने गप्प बसतो, त्याच्या मौनात नव्या ठेवीदारांचे पैसे त्या तिजोरीत जात राहतात आणि जप्त करण्याजोगे मागे थोडेच उरते.